लग्नाच्या फोटोंत उन्हाने लाल झालेले खांदे : लाली उतरवायची, पण कातडी खरी राहिली पाहिजे

चिवलावारा

नमस्कार मंडळी. तारकर्लीच्या एका रिसॉर्टवरच्या लग्नाचे फोटो हातात आहेत. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी आणि तिच्या मैत्रिणी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला गेल्या आणि दुपारभर पाण्यात होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हळद, दुपारी मुहूर्त, संध्याकाळी रिसेप्शन. रिसेप्शनला नवरीचा गाऊन खांदे उघडे असलेला, मोतिया रंगाचा. दोन्ही खांदे आणि मानेच्या मागचा भाग लालबुंद दिसतोय, त्यात पोहण्याच्या कपड्याच्या पट्टीचा उजळ ठसा. चेहऱ्यावर मेकअप आहे, त्यामुळे चेहरा एका रंगाचा आणि खांदे भलत्याच.

नवरीने स्वतः सांगितलंय की लाली कमी करा, पण मला गोरी करू नका, मी सावळीच आहे. मलाही तेच हवंय. रॉ फाइल्स आहेत, लाइटरूम आणि फोटोशॉप दोन्ही आहेत. खांदे दिसणारे फोटो बरेच आहेत, त्यामुळे एकेक फोटो तासभर घासत बसणं परवडणार नाही. तुम्ही कसं करता?

माडाखाली

फार सोपं आहे. एचएसएल पॅनलमध्ये लाल रंगाचं सॅच्युरेशन उणे ४० करा, नारिंगीचं ल्युमिनन्स अधिक २० करा, सगळ्या फोटोंना सिंक करा. मी बारशापासून लग्नापर्यंत सगळीकडे हेच करतो.

आजगावकरीण

खांद्याक कोरफडीचो गर लावा, बरा वाटतला. आणि दोन दिस उन्हात जाव नको म्हणून सांगा तेका.

चिवलावारा

आजी, लग्न होऊन गेलं, ती पुण्याला पोचलीसुद्धा. आता फक्त फोटोतले खांदे उरलेत. पण निरोप पोचवतो.

@माडाखाली, करून बघितलं. खांदे राखाडी पडले. नवऱ्याचा फेटा लाल होता तो विटकरी झाला, आणि हातावरची मेंदी पार उतरल्यासारखी दिसायला लागली.

रंगपाटी

मेंदी उतरलेली दिसली तर तो अल्बम परत आलाच म्हणून समजा. मी रत्नागिरीत अल्बम रिटचिंगचं काम करते, मे महिन्यात ही तक्रार दर आठवड्याला येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या. खांद्यावर दोन प्रकार एकत्र असतात : रापलेलं आणि भाजलेलं. रापलेलं म्हणजे त्वचेतलं रंगद्रव्य वाढलेलं. ते त्या माणसाचं आहे, महिनाभर राहणार आहे, त्याला हात लावायचा नाही. भाजलेलं म्हणजे वरच्या थराखाली रक्त वाढलेलं. ते चार दिवसांत जाणार आहे, तेवढंच आपलं काम.

दोन्ही ओळखायची खात्रीची पद्धत चॅनलमध्ये आहे. फोटोशॉपमध्ये फोटो उघडा आणि Ctrl+3 दाबून फक्त लाल चॅनल बघा, मग Ctrl+4 दाबून हिरवा. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, तांबड्याला मात्र जवळजवळ जाऊ देतं. म्हणून भाजलेला खांदा लाल चॅनलमध्ये आजूबाजूच्या हातासारखाच दिसतो, आणि हिरव्या चॅनलमध्ये तिथे काळपट डाग उमटतो. रापलेला भाग लाल चॅनलमध्येही गडद दिसतो. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की मास्क कुठपर्यंत रंगवायचा याचा प्रश्नच राहत नाही.

यातूनच कळतं की सॅच्युरेशन कमी करून का भागत नाही. खांद्यावर लाल रंग जास्त झालेला नाही, हिरवा कमी झालाय. सॅच्युरेशन उतरवलं की लाल खाली येतो आणि कातडी राखेसारखी होते. उजेडही कमीच राहतो, कारण हिरवा गेला की तो भाग काळवंडतो. आपल्याला हिरवा परत द्यायचाय.

@चिवलावारा, रिसेप्शनच्या एका फोटोतले आकडे द्या : भाजलेल्या खांद्याचे, आणि त्याच हाताच्या न भाजलेल्या भागाचे. चेहऱ्याचे देऊ नका, तिथे फाउंडेशन आहे. काखेकडच्या आतल्या बाजूचेही नकोत, तो भाग कधी ऊन बघतच नाही, त्याच्याशी जुळवलंत तर नवरी आपोआप गोरी होईल. दंडाची बाहेरची बाजू घ्या, कोपराच्या जरा वर, मेंदी संपते तिथून पुढे.

दर्यावर्दी

रंगपाटी यांचं बरोबर आहे, पण मास्क रंगवायच्या आधी उजेड तपासा. मी लाइटिंगची कामं करतो. किनाऱ्यावरच्या रिसेप्शनला स्टेजमागे जांभळट गुलाबी एलईडी पार दिवे लावलेले असतात, आणि मंडपाला लाल कापड. ते दोन्ही खांद्यावर पडतं आणि लोक त्याला ऊन समजतात.

ओळखायचं कसं? भाजलेलं खांद्याच्या माथ्यावर असतं, जिथे ऊन पडतं तिथे, आणि पट्टीच्या कडेला सुरीने कापल्यासारखं थांबतं. कापडाची किंवा लाइटची झाक कापडाकडे तोंड करून असलेल्या बाजूला पडते, हनुवटीखाली, दंडाच्या आतल्या बाजूला, आणि ती पट्टीच्या उजळ ठशावरही पडते. उजळ ठसाच गुलाबी दिसत असेल तर तो उजेड आहे. तो आधी काढा, नाहीतर खांद्यावर दुप्पट दुरुस्ती होईल.

चिवलावारा

हे छान सांगितलंत. बघितलं. स्टेजवरच्या फोटोंत ठशाची डावी बाजू खरंच गुलाबी आहे. बाहेर माडाखाली काढलेल्या फोटोंत ठसा स्वच्छ आहे.

बाहेरच्या फोटोतले आकडे, फोटोशॉपमधून :
दंड : लाल १९८, हिरवा १५२, निळा १२४.
खांदा : लाल १९६, हिरवा १२२, निळा १०४.

लाल खरंच जवळजवळ तेवढाच आहे!

रंगपाटी

अगदी नमुनेदार. हेच आकडे लॅब रंगपद्धतीत बघाल तर दंडाचा `a` साधारण १४ येईल आणि खांद्याचा २७, पण `b` दोन्हीकडे २१-२२ च्या आसपास. म्हणजे पिवळेपणा जागच्या जागी आहे, फक्त हिरव्या-तांबड्याचा तोल तांबड्याकडे गेलाय. उजेड, म्हणजे `L`, ६६ वरून ५९ वर आलाय.

आता किती उतरवायचं हा खरा प्रश्न. मी पूर्ण उतरवत नाही. `a` मधल्या फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग काढते आणि बाकीचा ठेवते. हिरव्याचा फरक ३० आहे, तर १८ परत द्या. निळ्याचा फरक २० आहे, पण तिथे ८ पुरे, निळा जास्त वाढवला की कातडी मातकट थंड दिसते.

फोटोशॉपमध्ये कर्व्हज लेयर घ्या. हिरव्या चॅनलमध्ये १२२ वर बिंदू टाका आणि त्याला १४० वर न्या. निळ्यात १०४ चा ११२ करा. लालला हात लावू नका. लेयरचा मास्क काळा करा आणि मऊ ब्रशने फक्त भाजलेल्या भागावर पांढरा रंगवा. मग खांदा १९६, १४०, ११२ येईल. `a` १८ वर उतरतो, `L` ६३ वर चढतो. उजेडाची वेगळी स्लायडर हलवावीच लागत नाही, हिरवा परत आला की तो स्वतःच येतो. ल्युमिनन्स वाढवून हे केलं असतं तर चमकणारे भाग फुटले असते आणि सावळेपणा गेला असता.

`a` १८ वर थांबल्याने खांदा दंडापेक्षा किंचित उबदार राहतो. तो राहायलाच हवा. समुद्रावर दोन दिवस काढलेल्या माणसाचा खांदा असतोच तसा.

माडाखाली

पण हे एका फोटोचं झालं. त्यांच्याकडे ढीगभर आहेत. म्हणून तर मी सिंक म्हणत होतो.

रंगपाटी

सिंकला माझा विरोध नाही, सगळ्या फोटोला एकच लाल स्लायडर लावायला आहे. लाइटरूममध्ये असं करा. मास्किंगमध्ये त्या व्यक्तीची निवड करून फक्त अंगाची त्वचा घ्या, चेहरा आणि ओठ नकोत. त्या मास्कच्या आतच पॉइंट कलर आहे. त्याच्या ड्रॉपरने खांद्याच्या मधोमध, चमक नसलेल्या जागी टिचकी मारा. ह्यू पिवळ्याच्या बाजूला थोडा सरकवा, ल्युमिनन्स अगदी नावापुरता वर, सॅच्युरेशन तीन-चार खाली गेलं तर गेलं. एकदम सगळं नाही, ह्यू आधी, आणि प्रत्येक वेळी आकडे बघत.

रेंज मात्र नीट बांधून घ्या. रेंज दाखवण्याचा चौकोन टिकमार्क केलात की निवडलेला रंग रंगीत राहतो आणि बाकीचं राखाडी होतं. मेंदी रंगीत दिसली तर रेंजचा बाण उघडा, आत उजेडाची वेगळी रेंज आहे, तिचं गडद टोक आत ओढा. मेंदी खांद्यापेक्षा बरीच गडद असते, त्यामुळे ती लगेच बाहेर पडते.

ब्रश वापरलात तर सिंक करताना फसाल. ब्रशचा फराटा चौकटीत जिथे मारला तिथेच पडतो, पुढच्या फोटोत नवरी डावीकडे सरकली की तो झावळ्यांवर येतो. व्यक्ती ओळखणारा मास्क नव्या फोटोत पुन्हा मोजला जातो. तरी सिंकनंतर मास्क अपडेट झालेत ना ते बघाच.

आणि सगळे फोटो एका गठ्ठ्यात घेऊ नका. उन्हाची लाली लगेच पूर्ण दिसत नाही, काही तासांनी सुरू होते आणि साधारण १२ ते २४ तासांत सगळ्यात जास्त होते. दुपारी भाजलेला खांदा त्या रात्री एक, दुसऱ्या सकाळी हळदीला दुसरा. त्यात हळदीला पिवळा रंग वर बसलेला. हळद, मुहूर्त, बाहेरचं रिसेप्शन आणि स्टेज, असे चार गठ्ठे करा आणि प्रत्येकातला एक फोटो आकडे बघून बसवा.

सुरंगी

मी फोटोग्राफर नाही, पण मला बोलायचंय. माझ्या बहिणीचं लग्न वेळणेश्वरला होतं आणि आम्ही सगळ्या करवल्या अशाच भाजलो होतो. फोटोवाल्याने लाली काढलीच, वर पट्टीचे ठसेही भरून टाकले आणि खांदे एकसारखे गुळगुळीत केले. माझ्या डाव्या खांद्यावर तीळ आहे, तोही गेला. तो फोटो बघताना मला माझा खांदा ओळखू येत नाही. ठसा काढायचा की नाही हे आधी विचारत जा. मला तरी तो हवा होता, आदल्या दिवशीची सगळी मजा त्यातच होती.

दर्यावर्दी

सुरंगी, खांदे गुळगुळीत होणं हे मास्कमध्ये टेक्स्चर आणि क्लॅरिटी खाली ओढल्याचं, आणि तीळ जाणं हे हीलिंगचा ब्रश फिरवल्याचं लक्षण. लाली काढायला त्यांची काहीच गरज नसते. रंग हलवताना कण हलत नाहीत.

ठशाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. उघड्या खांद्याच्या गाऊनवर पांढरी पट्टी फोटोत डोळ्यांत खुपते. मी तर अर्धी उतरवतोच.

रंगपाटी

मी ठेवते, कारण तो ठसा रापण्याचा आहे, भाजण्याचा नाही. लाली उतरली की तो आपोआप निम्मा दिसेनासा होतो, कारण शेजारचा काळवंडलेला भाग उजळतो. त्यानंतरही नको असेल तर नवरीला विचारून. यावर आमच्या कामाच्या जागी दरवर्षी वाद होतो आणि मिटत नाही.

पण ठसा ठेवणार असाल तर त्याच्या कडेकडे लक्ष द्या, सगळ्यात जास्त काम तिथेच बिघडतं. फोटोशॉपचा मऊ ब्रश कडेवरून पलीकडे गेला की तिथे ज्याला दुरुस्तीची गरज नव्हती त्यालाही हिरवा मिळतो, आणि ठशाच्या काठाने बारीक हिरवट-करडी रेघ उठते. स्क्रीनवर पूर्ण फोटो बघताना दिसत नाही, अल्बमच्या १२ बाय ३६ च्या पानावर दिसते. म्हणून कडेला ब्रश लहान आणि कमी मऊ घ्या, किंवा तिथे पॉइंट कलरवर सोडा. ठसा त्या रंगाच्या रेंजमध्ये येतच नाही, त्यामुळे कड आपोआप वाचते.

जास्त झालं हे ओळखायची दुसरी जागा म्हणजे खांद्याचा गोलाकार जिथे सावलीत वळतो ती. सावलीतल्या कातडीत मुळातच तांबडं जास्त असतं. तिथे पूर्ण जोर लावला की सावली शेवाळी दिसते. कर्व्हजचा मास्क तिथे निम्मा ठेवा. आणि कोपर, बोटांचे सांधे, कानाच्या पाळ्या लालसर असतात त्या असू द्या. सगळं अंग एका `a` वर आणलंत तर माणूस दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसतो.

माडाखाली

एक विचारतो. पाहुण्यांनी मोबाइलवर काढलेले फोटो लोक माझ्याकडे आणून देतात, तेही अल्बममध्ये टाका म्हणतात. ते जेपेग असतात. त्यात तुमची हिरवी युक्ती चालते का? मी करून बघितली, खांद्याच्या माथ्यावर पिवळा ठिपका येतो.

रंगपाटी

तो ठिपका म्हणजे लाल चॅनल २५५ ला जाऊन टेकलाय. मोबाइल लाल रंग आधीच भडक करून देतो, उन्हात खांद्याच्या माथ्यावर लालला वर जागाच उरत नाही. तिथे लालमध्ये तपशीलच नाही, मग हिरवा वाढवला की सरळ पिवळं होतं. रॉ फाइल असती तर एक्स्पोजर खाली घेऊन तो परत मिळाला असता. जेपेगमध्ये मिळत नाही. माथ्याचा भाग मास्कमधून वगळा, आजूबाजूचं थोडं उतरवा आणि तिथेच थांबा.

मोबाइलवरच करायचं असेल तर स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्समधून टिंट थोडा हिरव्याकडे न्या, मग केलेल्या बदलांच्या यादीत जाऊन तो बदल बोटाने फक्त खांद्यावर रंगवा. व्हॉट्सअॅपला पाठवण्यापुरतं ठीक होतं. छापायला नाही.

चिवलावारा

चारही गठ्ठे बसवले. बाहेरच्या रिसेप्शनचे फोटो फार चांगले झाले, तिथे दोन तृतीयांशचं गणित जसंच्या तसं लागू पडलं. मुहूर्ताला शालू लाल आहे, त्याची झाक गळ्याखाली होती ती आधी वेगळ्या मास्कने काढली, मग खांद्याला फार थोडं लागलं. हळदीच्या फोटोंत मी जवळजवळ काहीच केलं नाही. हळदीखाली लाली दिसतच नाही, आणि ह्यू पिवळ्याकडे नेला की हळद अजून पसरल्यासारखी वाटते.

स्टेजवाले मात्र अडलेत. गुलाबी पार डाव्या बाजूने आहे, उजवीकडे पिवळा हॅलोजन. ठसा डावीकडे गुलाबी, मध्ये पांढरा. पार काढायला टिंट हिरव्याकडे नेला की गाऊनची मोतिया झाक जाते.

दर्यावर्दी

गाऊनला त्या मास्कमध्ये घेऊच नका. पारची झाक फक्त त्वचेवरून काढा, गाऊनवर राहू द्या. गाऊनवर गुलाबी उजेड पडलेला बघणाऱ्याला खटकत नाही, स्टेजवर लाइट होते हे त्याला माहीत असतं. कातडीवर खटकतो. डावीकडून उजवीकडे जाणारा लिनिअर ग्रेडियंट घेऊन तो त्वचेच्या मास्कशी इंटरसेक्ट करा, म्हणजे जोर डावीकडे जास्त आणि मधे शून्य होतो. उजळ ठसा डावीकडे मधल्यासारखा दिसेपर्यंतच टिंट हलवा. तुम्हाला फुकटात नमुना मिळालाय त्या ठशात.

पण पार पूर्ण तेजात असेल तर काही फोटोंत ते होणार नाही. निव्वळ जांभळट गुलाबी एलईडीत हिरवा प्रकाश जवळजवळ नसतोच, कॅमेऱ्याला मिळालाच नाही तो परत कुठून देणार? असे एकदोन फोटो काळेपांढरे करून द्या. तेव्हा कन्व्हर्जनमध्ये लाल आणि नारिंगीला उजळ ठेवा, म्हणजे खांद्यावर डाग उमटत नाही.

सुरंगी

आणि ठशाचं काय ठरलं?

चिवलावारा

नवरीला दोन्ही पाठवले, ठसा असलेला आणि अर्धा उतरवलेला. तिला असलेला आवडला, तिच्या आईला उतरवलेला. अल्बममध्ये कुठला जाणार ते घरात ठरतंय.

एक अजून राहिलंय. व्हिडिओवाल्याने त्याच्या फिल्ममध्ये खांदे लालच ठेवलेत. अल्बम आणि फिल्म शेजारीशेजारी बघितली तर फरक दिसणार. तो दाविंची रिझॉल्व्ह वापरतो.

दर्यावर्दी

ह्यू व्हर्सस ह्यू कर्व्हमध्ये तांबड्याचा बारीक पट्टा पिवळ्याकडे सरकवायला सांगा. पण आधी क्वालिफायरने कातडी आणि पॉवर विंडोने खांदा वेगळा करून ट्रॅक करू दे, नाहीतर फेटा पुन्हा विटकरी होईल. त्याला तुमचा बाहेरच्या रिसेप्शनचा एक तयार फोटो द्या आणि त्याच्या शेजारी ठेवून जुळवायला सांगा. माडाखालच्या शॉट्सपासून सुरुवात करू दे, स्टेजचं नंतर.